क्षय कोणत्या मजल्यावर राहतो?

मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये झोपडपट्टीतून हलवलेल्यांना पक्की घरं मिळाली. पण इमारतींमधलं अंतर जेमतेम 3 मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. अशा खोलीत खोकल्यातून उडालेले क्षयाचे जंतू तासन्‌तास तरंगतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खालच्याच मजल्यांवर क्षयरुग्ण अधिक आढळले.

साध्या क्षयाचे उपचार 6 महिन्यांचे. खोकला मात्र बराच आधी थांबतो. रोजंदारी बुडवून दवाखान्यात जाणं परवडत नाही. पाकिटावरचं वाचता न येणाऱ्याला जंतू अजून जिवंत आहेत हे कुणी समजावलेलं नसतं. अशा रुग्णाला ‘बेशिस्त’ ठरवणं सोपं, आणि अन्यायाचं. घरभेटीत परिचारिकेने गोळ्या मोजण्याआधी मजला, खिडकी आणि कामाची वेळ विचारून घ्यावी.