आडवा टीव्ही उभा करताना

माझ्या मावसभावाचं सांगलीत मिसळीचं हॉटेल आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर रंगवलेला फलक होता. दर वाढले की त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटायच्या, आणि पट्टीवर पट्टी चढून आकडे फुगून दिसायचे. घरात 43 इंची टीव्ही पडून होता. तो उभा टांगून त्यावर मेनू लावायचा असं त्यानं ठरवलं आणि मला फोन केला, कारण मेनूकार्डं आणि फलक तयार करणं हे माझं रोजचं काम आहे.

उभाच कशासाठी, हे आधी सांगते. 43 इंची टीव्हीचा पडदा साधारण 95 सेंटिमीटर लांब आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर रुंद असतो. दहा फुटांवरून सहज वाचता यावं म्हणून अक्षर इंचभर उंच धरतात. मराठीत हा इंच फक्त शिरोरेषेपासून खालच्या अक्षराचा असतो. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा दिली की एक ओळ सहा सेंटिमीटर तरी खाते. इंग्रजी फलकाच्या मापानं ओळी जवळ बसवल्या तर ‘कुर्मा’चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. उभ्या पडद्यावर शीर्षक आणि कडेची मोकळी जागा सोडून बारा ओळी मावल्या. आडव्यावर सहाच मावत होत्या. शिवाय आडव्या पडद्यावर पदार्थ एका टोकाला आणि दर दुसऱ्या टोकाला जातो, मग डोळा मधेच वरच्या नाहीतर खालच्या ओळीत घसरतो. ‘जादा पाव’ आणि त्याचा दर एकमेकांशेजारी हवेत. भावाचे पदार्थ अकरा होते, म्हणजे काम होण्यासारखं होतं.

मी मेनू केला, रुंदी 1080 आणि उंची 1920 ठिपके. तो पेन ड्राइव्हवर घालून पाठवला. संध्याकाळी फोन आला, “ताई, चित्र झोपलंय. आणि एवढंसं दिसतंय.”

चूक माझी होती. आपण टीव्ही फिरवलाय हे टीव्हीला कळतच नाही. फोन हातात फिरवला की चित्र फिरतं, म्हणून आपण ते गृहीत धरतो, पण घरगुती टीव्हीत तसं काही नसतं. त्याच्या लेखी पडदा आडवाच आहे. उभं चित्र दिलं की तो ते आपल्या 1080 ठिपक्यांच्या उंचीत बसवतो आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडतो. आता टीव्हीच कलंडलेला, म्हणून मधोमध आडवं पडलेलं चिमुकलं चित्र दिसतं. तेव्हा चित्र टीव्हीला देण्याआधीच उलट दिशेनं पाडून ठेवावं लागतं. समोरून बघताना टीव्ही डावीकडे कलंडवला असेल, तर चित्र उजवीकडे पाडायचं.

भावानं फोनमध्येच चित्र उजवीकडे फिरवलं आणि पुन्हा लावलं. टीव्हीवर काहीच बदललं नाही. बरेच जण इथेच अडकतात. काही फोन फिरवताना मूळ ठिपके हलवत नाहीत, फाइलमध्ये ‘हे फिरवून दाखवा’ एवढी खूण तेवढी घालतात. काही टीव्ही ती खूण वाचतात, काही वाचत नाहीत. म्हणून माझी रीत अशी: 1920 रुंद आणि 1080 उंच असं कोरं आडवं पान घ्यायचं, तयार मेनू त्यावर एका बाजूला पाडून पूर्ण बसवायचा आणि ते पान नवी फाइल म्हणून साठवायचं. मग फिरवण्याची खूण उरतच नाही. कॉम्प्युटरवर फाइलची माहिती उघडून रुंदीचा आकडा मोठा आहे ना, तेवढं बघून घ्यायचं.

टीव्ही कुठल्या बाजूला कलंडवायचा, हे मी मागची बाजू बघून ठरवते. त्याच्या टीव्हीत एचडीएमआय आणि पेन ड्राइव्हची भोकं समोरून डाव्या कडेला होती. डावीकडे कलंडवला की ती खाली तोंड करतात आणि वरून धूळ, तेलकट वाफ त्यांत जात नाही. भिंतीच्या पट्टीचे स्क्रू ज्या चार भोकांत जातात ती इथे 200 बाय 200 मिलिमीटरची, म्हणजे चौकोनी होती, त्यामुळे तीच पट्टी चालली. भोकं आयताकृती असतील तर फिरवल्यावर पट्टीशी जुळतात का, हे भिंतीला ड्रिल लावण्याआधी बघावं.

मी त्याला सावध केलं ते आतल्या गोष्टींबद्दल. एलसीडी पडद्यामागे प्रकाश सारखा पसरवणारे पातळ प्लास्टिकचे पापुद्रे असतात. घरगुती टीव्हीत ते बहुधा वरच्या कडेला अडकवलेले असतात, वाळत घातलेल्या कापडासारखे. टीव्ही उभा केला की वरची कड बाजूला जाते आणि उष्णतेनं सैलावलेले पापुद्रे घसरून सुरकुततात. गरम हवा बाहेर पडायच्या जाळ्याही आडव्या टीव्हीच्या हिशेबानं असतात. फलकासाठीचे खास पडदे उभ्या वापरासाठी आणि रोजच्या सोळा किंवा चोवीस तासांसाठी बनवतात. घरगुती टीव्हीची वॉरंटी हॉटेलातल्या वापराला बहुधा लागू होत नाही. भावाचा टीव्ही जुना आणि फुकटचा, म्हणून आम्ही तो धोका घेतला. नवा विकत घेणार असता, तर मी फलकाचाच पडदा घ्यायला लावला असता.

उष्णता कमी ठेवायला आम्ही मागच्या दिव्याचा उजेड जेवढ्यात मेनू दिसतो तेवढाच ठेवला आणि टीव्ही भिंतीपासून तीन बोटं पुढे घेतला. महिन्यातून एकदा पूर्ण राखाडी चित्र लावून बघायचं, एवढं काम त्याच्याकडे दिलंय. पापुद्रा हलला असेल तर राखाडीवर लाटेसारखी सावली दिसते. मेनूच्या रंगांत ती लपून जाते.

एक गोष्ट टांगण्याआधीच बघता येते. आडवा टीव्ही चालू करून त्याच्यासमोर उकिडवं बसा, मग स्टुलावर उभे राहा. खालून आणि वरून जसे रंग दिसतात तसेच टीव्ही उभा केल्यावर डाव्या-उजव्या टेबलांवरच्या गिऱ्हाइकांना दिसणार. खालून बघताना काळा रंग राखाडी पडत असेल, तर एका बाजूच्या लोकांना मेनू फिका दिसेल. भावाच्या टीव्हीत तसं होत होतं. म्हणून मी काळ्या जमिनीवरची लाल अक्षरं काढली आणि पांढऱ्या जमिनीवर गडद अक्षरं घेतली. ती दोन्हीकडून वाचता येतात.

शेवटची अडचण विजेची. लाइट जाऊन आली की टीव्ही पेन ड्राइव्ह विसरतो आणि आपला पहिला पडदा दाखवतो, तोही आडवा पडलेला. मग मान वाकडी करून रिमोट चालवायचा, आणि त्यात उजवा बाण दाबला की निवड वर सरकते, डावा दाबला की खाली. सकाळी गर्दीत हे करणं त्याला जमेना. शेवटी जुना छोटा कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. विंडोजमध्ये Display orientation मध्ये Portrait निवडलं की पडदाच उभा होतो, चित्र पाडून ठेवावं लागत नाही. डोक्यावर उलटं दिसलं तर Portrait (flipped). कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय असते, ती लावली. मेनू आपोआप उघडेल असंही करून ठेवलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चार तासांनी आपोआप बंद होणं होतं, ते काढलं, आणि वीज आल्यावर टीव्ही आधीच्याच स्थितीत यावा अशी निवड केली. ही निवड सगळ्या टीव्हींत नसते. त्याच्यात होती.

मागच्या आठवड्यात मी तिथे असतानाच लाइट गेली. परत आल्यावर मिनिटभरात मेनू उभा होता आणि गल्ल्यावरचा मुलगा कूपन फाडत होता. त्यानं वर बघितलंही नाही.