रिकामी जागा एक, काळ दोन

‘क्रियापदाचे योग्य रूप वापरून रिकामी जागा भरा’ हा इंग्रजी व्याकरणाच्या स्वाध्यायांतील नेहमीचा प्रश्न असून, प्रत्येक जागेला एकच शुद्ध उत्तर असते आणि ते पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूचीत छापलेले असते, असा समज त्यामागे गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात अशा कितीतरी जागा असतात की जिथे दोन काळ सारखेच शुद्ध ठरतात, उत्तरसूची मात्र त्यांपैकी एकच मान्य करते आणि दुसरे उत्तर लिहिणाऱ्याचा गुण जातो. साधा भूतकाळ, म्हणजे सिंपल पास्ट, आणि पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, या जोडीत ही अडचण विशेष जाणवते. म्हणून या दोन काळांतून अपेक्षित उत्तर कसे ओळखावे, याचाच विचार येथे प्रामुख्याने केला आहे.

‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे आणि ती दोन्हीकडे घडून गेलेली आहे. फरक आहे तो बोलणारा त्या घटनेकडे कोठून पाहतो, यात. पहिल्या वाक्यात किल्ली हरवणे ही संपलेल्या काळातील गोष्ट आहे आणि ती पुढे सापडली की नाही याविषयी वाक्य काहीच सांगत नाही. दुसऱ्या वाक्यात त्या घटनेचा धागा आजपर्यंत येऊन पोहोचतो आणि ऐकणाऱ्याला किल्ली अजून सापडलेली नाही असे समजते. भाषाशास्त्रज्ञ बर्नार्ड कॉम्री यांनी ‘अ‍ॅस्पेक्ट’ या 1976 च्या ग्रंथात पूर्णकाळाचे चार उपयोग वेगळे केले आहेत: घटनेचा परिणाम आज टिकून असणे, एखादी गोष्ट आयुष्यात अनुभवलेली असणे, मागे सुरू झालेली स्थिती अजून चालू असणे आणि घटना नुकतीच घडलेली असणे. चारही उपयोगांत भूतकाळातील गोष्ट वर्तमानाशी जोडली जाते, आणि ही जोडणी वाक्यात कोठे दिसते हे शोधणे म्हणजेच रिकाम्या जागेचा निम्मा उलगडा होय.

मराठीभाषक विद्यार्थ्याला हा शोध थोडा अधिक अवघड जातो, कारण मराठीची वाटणी वेगळी आहे. ‘मी हा चित्रपट मागच्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य आहे, परंतु त्याचे शब्दशः इंग्रजी रूप, म्हणजे ‘आय हॅव सीन धिस फिल्म लास्ट इयर’, अशुद्ध ठरते. कारण घटनेचा संपलेला काळ वाक्यात नेमका सांगितला की इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. उलट ‘तो दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ या वाक्यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो, तर इंग्रजीला ‘ही हॅज लिव्ह्ड’ असे पूर्ण वर्तमानकाळाचे रूप लागते. तेव्हा वाक्य मनात मराठीत आणून ‘आहे’ लागते की नाही एवढे पाहणे ही कसोटी फसवी आहे आणि ती सोडून देणेच हिताचे आहे.

तिच्या जागी घेण्याजोगी कसोटी प्रश्न तयार करण्याच्या रीतीतूनच मिळते. स्वाध्याय रचणारा आधी उत्तर ठरवतो, मग ते उत्तर ओळखता यावे म्हणून वाक्यात एखादा शब्द, एखादे उपवाक्य किंवा शेजारचे वाक्य खुणेसाठी ठेवतो. त्यामुळे दोन काळ बसत असतील तेव्हा कोणता काळ शुद्ध आहे हे विचारून काही हाती लागत नाही. कोणता काळ घेतला असता खुणेसाठी ठेवलेला प्रत्येक शब्द कामाला लागतो, हे पाहावे लागते. ज्या उत्तरामुळे एखादी खूण निरर्थक ठरते, ते उत्तर शुद्ध असले तरी सूचीत असण्याची शक्यता कमी असते.

एका छोट्या परिच्छेदावर ही कसोटी लावून पाहता येईल. परिच्छेदात चार वाक्ये असून कंसातील क्रियापदे अनुक्रमे लिव्ह, मूव्ह, ओपन आणि सी ही आहेत, असे समजावे.

‘माय ब्रदर ____ इन नागपूर फॉर सिक्स इयर्स. ही ____ टू नाशिक इन 2022. ही ____ अ स्मॉल शॉप देअर अँड इज डुइंग वेल. आय ____ हिम ट्वाइस धिस वीक.’

पहिले वाक्य एकटे असते तर ‘लिव्ह्ड’ आणि ‘हॅज लिव्ह्ड’ ही दोन्ही रूपे बसली असती. ‘फॉर सिक्स इयर्स’ दिसताच पूर्ण वर्तमानकाळ लिहिण्याची सवय बहुतेकांना असते, परंतु ‘फॉर’ हा शब्द फक्त कालावधीची लांबी सांगतो. तो कालावधी संपला की चालू आहे, हे सांगत नाही. ते दुसऱ्या वाक्यातून कळते: भाऊ 2022 मध्ये नाशिकला गेला, म्हणजे नागपूरचे वास्तव्य संपले, आणि म्हणून पहिल्या जागेचे उत्तर ‘लिव्ह्ड’. दुसऱ्या जागेत नेमके वर्ष दिलेले असल्याने ‘मूव्ह्ड’ याखेरीज पर्यायच नाही. येथे हेही ध्यानात येते की पहिल्या जागेची खूण पहिल्या वाक्यात नव्हतीच. संपूर्ण परिच्छेद वाचण्यापूर्वी भरलेली जागा चुकते ती याच कारणाने.

तिसरी जागा खऱ्या अर्थाने दुहेरी आहे. 2022 चा उल्लेख नुकताच झाल्यामुळे ‘ओपन्ड’ हे रूप कथनाच्या ओघात बसते आणि त्याला कोणी अशुद्ध म्हणू शकत नाही. परंतु वाक्याचा उत्तरार्ध, म्हणजे ‘अँड इज डुइंग वेल’, वर्तमानकाळात आहे आणि भावाची आजची स्थिती सांगण्यासाठीच तो जोडलेला आहे. ‘हॅज ओपन्ड’ घेतले की दुकान उघडणे आणि भावाचे आज चांगले चालणे या दोन गोष्टी एका धाग्यात येतात. ‘ओपन्ड’ घेतले तर उत्तरार्ध सुटा पडतो. म्हणून सूचीत ‘हॅज ओपन्ड’ असण्याची शक्यता अधिक. चौथ्या जागेत ‘धिस वीक’ ही खूण आहे: आठवडा अजून सरलेला नाही, आणखी भेट होऊ शकते, म्हणून अपेक्षित उत्तर ‘हॅव सीन’. अशाच वाक्यात ‘धिस मॉर्निंग’ असते तर मात्र बोलण्याची वेळ शोधावी लागली असती, कारण सकाळी बोलताना पूर्ण वर्तमानकाळ आणि सायंकाळी बोलताना साधा भूतकाळ, असा त्या शब्दांचा नियम आहे.

स्वाध्यायात परिच्छेद नसून सुटी वाक्ये असतील, तर खूण बहुधा एकाच कालवाचक शब्दात असते. ‘यस्टर्डे’, ‘अगो’, ‘लास्ट वीक’ किंवा एखादे सन साध्या भूतकाळाकडे नेते. ‘यट’, ‘ऑलरेडी’, ‘सो फार’, ‘एव्हर’ हे शब्द आणि ‘सिन्स’ने जोडलेला आरंभबिंदू पूर्ण वर्तमानकाळाकडे. ही यादी पाठ करणाऱ्याने दोन जागी सावध राहावे. ‘जस्ट’ आणि ‘जस्ट नाऊ’ यांत सूची भेद करते: ‘ही हॅज जस्ट गॉन आउट’, पण ‘ही वेन्ट आउट जस्ट नाऊ’, कारण दुसऱ्या वाक्यात ‘जस्ट नाऊ’ म्हणजे क्षणापूर्वी, आणि तो क्षण संपलेला आहे. ‘सिन्स’च्या वाक्यात पूर्ण वर्तमानकाळ मुख्य वाक्यात येतो, ‘सिन्स’नंतरच्या उपवाक्यात सहसा साधा भूतकाळच राहतो: ‘आय हॅव नोन हर सिन्स वी वेअर चिल्ड्रन’.

वाक्यातील खूण दोन्ही काळांना सारखीच लागू पडते, असाही एक प्रकार आहे आणि तो पूर्ण भूतकाळाच्या, म्हणजे पास्ट परफेक्टच्या, स्वाध्यायांत हमखास भेटतो. ‘द ट्रेन ____ बिफोर वी ____ द स्टेशन’ या वाक्यात लीव्ह आणि रीच ही क्रियापदे भरायची असतील, तर ‘लेफ्ट’ आणि ‘हॅड लेफ्ट’ दोन्ही शुद्ध आहेत, कारण आधी काय आणि नंतर काय हे ‘बिफोर’नेच सांगून टाकले आहे. हाच प्रश्न ‘व्हेन’ने विचारला की अर्थ बदलतो: ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे पोहोचताक्षणी गाडी सुटली, आणि ‘हॅड लेफ्ट’ म्हणजे ती आधीच सुटून गेली होती. ‘बिफोर’च्या वाक्यात निर्णय वाक्याबाहेरून घ्यावा लागतो, स्वाध्याय पूर्ण भूतकाळाच्या धड्याखाली असेल तर सूचीला आधीच्या घटनेसाठी ‘हॅड लेफ्ट’ आणि नंतरच्या घटनेसाठी ‘रीच्ड’ हवे असते. दोन्ही जागी ‘हॅड’ लिहिणे ही येथील नेहमीची चूक, कारण त्यामुळे दोन घटनांतील क्रम क्रियापदांच्या रूपांतून दिसेनासा होतो.

शेवटची बाब पुस्तक कोठले आहे, ही. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘यट’ यांच्याबरोबर ब्रिटिश इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ पसंत करते, तर अमेरिकन इंग्रजीत ‘आय जस्ट एट’ किंवा ‘डिड यू ईट यट?’ ही साध्या भूतकाळातील वाक्ये सर्रास चालतात. 1985 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या रेमंड मर्फी यांच्या ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ या ब्रिटिश पुस्तकात हा भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलेला आहे, आणि जेथे दोन उत्तरे शुद्ध आहेत तेथे काही ठिकाणी ती दोन्ही सूचीत दिलेली आहेत. महाराष्ट्रातील शाळांची इंग्रजी परंपरेने ब्रिटिश वळणाची असल्याने, अन्य खूण नसेल तेव्हा ब्रिटिश रूप लिहिणे परीक्षेच्या दृष्टीने सुरक्षित ठरते.

एवढे करूनही एखाद्या वाक्यात निर्णय लागत नसेल, तर तेथे प्रश्नच अपुरा आहे, आणि त्याची किंमत विद्यार्थ्याने मोजणे अन्यायाचे आहे. ‘ही ____ इन नागपूर फॉर सिक्स इयर्स’ एवढेच वाक्य देऊन एकाच उत्तराला गुण देणारी सूची विद्यार्थ्याचे व्याकरण तपासत नाही, त्याला प्रश्नकर्त्याच्या मनातले ओळखायला लावते. शिक्षकांनी अशा वाक्याला पुढचे एक वाक्य जोडावे, आणि ते जमत नसेल तर सूचीत दोन्ही रूपे छापून दोहोंना पूर्ण गुण द्यावेत.