संगणक बंद, तर चाळणीही बंद

थंडरबर्डमध्ये तुम्ही नियम केला: वीजबिलाची मेल आली की ती ‘बिले’ फोल्डरमध्ये टाक. दिवसभर तो चोख चालतो. रात्री लॅपटॉप बंद करता आणि सकाळी मोबाइलवर पाहता, तर बिल इनबॉक्समध्येच!

नियम बिघडलेला नसतो. तो तुमच्या लॅपटॉपवरच्या एका फाइलमध्ये असतो, मेल मात्र सर्व्हरवर येऊन पडते. थंडरबर्ड उघडून नवी मेल तपासतो, तेव्हाच तो नियम लावून सर्व्हरला ‘ही मेल हलव’ असे सांगतो. तोवर सर्व्हरला त्या नियमाचा पत्ताच नसतो.

फोल्डरची गोष्ट जरा फसवी. आयमॅप खात्यात थंडरबर्ड सहसा सबस्क्राइब केलेलेच फोल्डर दाखवतो. सबस्क्रिप्शन काढले तरी ‘बिले’ सर्व्हरवर शाबूत राहतो, पण थंडरबर्डच्या लेखी तो नाहीसा होतो. मग फोल्डर सापडत नसल्याची सूचना येते आणि त्याच्याशी जोडलेला नियम बंद केला जातो. ती सूचना न वाचता ‘ओके’ दाबणारेच जास्त!

खात्यावर राइट-क्लिक करून Subscribe उघडा, ‘बिले’वर खूण करा. नंतर Message Filters मध्ये नियमापुढची खूण तपासा, इनबॉक्स निवडा आणि Run Now दाबा. साचलेली बिले हलतील.

लॅपटॉप बंद असतानाही वर्गवारी हवी असेल, तर नियम मेलसेवेच्या वेबसाइटवरच्या सेटिंग्जमध्ये करावा. तो सर्व्हरवरच चालतो.