‘मुळे’ लिहिण्याआधी

शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर दोन सारांश एकाखाली एक छापलेले असतात, एक इंग्रजी आणि एक मराठी. दोन्ही वाचणारा माणूस क्वचितच भेटतो. निबंध तपासणारे तज्ज्ञ इंग्रजी सारांश वाचतात. तालुक्यातला डॉक्टर, आश्रमशाळेतले शिक्षक किंवा वर्तमानपत्रासाठी बातमी करणारा वार्ताहर मराठी वाचतो. त्यामुळे दोन सारांश दोन वेगळ्या गोष्टी सांगत असले, तरी ते वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. मी अशा सारांशांच्या जोड्या तपासतो. कोणते शब्द घात करतात, हे दाखवण्यासाठी नेहमी भेटणाऱ्या चुका एकत्र करून मी एक नमुना रचला आहे.

समजा, इंग्रजी सारांशाचा मजकूर असा आहे: विदर्भातल्या ६ आश्रमशाळांमधल्या २१२ किशोरवयीन मुली अभ्यासात घेतल्या. त्यांना दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची एक गोळी दिली. २४ आठवड्यांचा अभ्यास २०० मुलींनी पूर्ण केला. त्यांच्यातले रक्तक्षयाचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर आले. गोळ्या न घेणाऱ्या मुलींचा तुलना गट नव्हता.

आणि मराठी सारांशात लिहिले आहे: ‘वऱ्हाडातील ६ आश्रमशाळांमधील २१२ मुलींना २४ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्यामुळे रक्तक्षयाचा प्रादुर्भाव १६ टक्क्यांनी कमी झाला.’

वाक्य वाचायला चांगले आहे, कुठे अडखळायला होत नाही. म्हणूनच ते तपासणीतून सुटते.

मी आकड्यांपासून सुरुवात करतो. दोन्ही सारांश कागदावर छापून घ्यायचे आणि इंग्रजीतल्या प्रत्येक आकड्याला गोल करून त्याचा मराठीतला जोडीदार शोधायचा. संगणकावर शोधून हे काम नीट होत नाही, कारण इंग्रजी आकड्यांतले चोवीस शोधले तर देवनागरी २४ सापडतीलच असे नाही. इथे २०० या आकड्याला जोडीदारच मिळत नाही. मग निबंधातला तक्ता उघडायचा. तक्त्यात सुरुवातीला रक्तक्षय असलेल्या मुली १२८ आणि शेवटी ९६ आहेत. २०० पैकी १२८ म्हणजे बरोबर ६४ टक्के. २१२ पैकी १२८ धरल्या तर साठच्या थोडे वर येतात. म्हणजे टक्केवारी २०० मुलींची आहे आणि मराठी वाक्याने ती २१२ जणींवर लावली आहे. मध्येच गळालेल्या १२ मुलींचे काय झाले, हा प्रश्न मराठी वाचकाला पडतच नाही.

‘१६ टक्क्यांनी कमी’ हेही असेच निसरडे आहे. चौसष्टातून अठ्ठेचाळीस वजा केले की सोळा उरतात, हे खरे. पण चौसष्टाचे सोळा टक्के म्हणजे जेमतेम दहा. वाचकाने तसा हिशेब केला, तर नवे प्रमाण ५४च्या आसपास निघते. दुसऱ्या बाजूने, ६४चे ४८ होणे म्हणजे मूळ प्रमाणात २५ टक्के घट. अशा घटीसाठी ‘टक्केबिंदू’ हा शब्द आहे, पण तो सर्वसाधारण वाचकाच्या ओळखीचा नाही. मी लेखकाला दोन्ही टोके लिहायला सांगतो: ‘६४ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर आले’. त्यात गैरसमजाला जागा राहत नाही.

पण सगळ्यात मोठी चूक एका प्रत्ययात आहे. इंग्रजी लेखक ‘असोसिएटेड’ या शब्दाच्या आधाराने सावध राहतो: दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एकीने दुसरी घडवली असे तो म्हणत नाही. मराठीत ‘मुळे’ इतका सहज जिभेवर येतो, की लिहिणाऱ्याला आपण कारण सांगून मोकळे झालो हे जाणवतही नाही. या अभ्यासात तुलना गट नाही. त्या २४ आठवड्यांत जंतनाशक गोळी मिळाली असेल किंवा शाळेतला आहार सुधारला असेल. ‘दिल्यामुळे’च्या जागी ‘दिल्यानंतर’ लिहिले, की वाक्य पुराव्याइतकेच बोलते. ‘शकते’चेही तसेच आहे. मूळ विधान ‘उपयुक्त ठरू शकते’ असे असेल आणि मराठीत ‘उपयुक्त ठरते’ आले, तर गेलेल्या एका शब्दाबरोबर संशोधकाची शंकाही गेली. म्हणून आकडे जुळले की मी फक्त क्रियापदे आणि प्रत्यय वाचत जातो, बाकी वाक्याकडे त्या वेळी बघत नाही.

‘प्रादुर्भाव’ मात्र भाषांतरकाराने सवयीने घातलेला असतो. प्रादुर्भाव साथीचा होतो. अभ्यासाने मोजले ते ठरावीक वेळी किती मुलींना रक्तक्षय आहे हे, आणि त्याला ‘प्रमाण’ हा साधा शब्द पुरतो.

आता बीजशब्द. हे चार-पाच शब्द सारांशाखाली असतात आणि निबंध शोधणारा माणूस त्यांच्याच वाटेने येतो. इंग्रजीत जितके असतील तितकेच आणि त्याच क्रमाने मराठीत यावेत, म्हणजे गळलेला शब्द लगेच दिसतो. आपल्या नमुन्यात ‘विदर्भ’च्या जागी ‘वऱ्हाड’ आहे. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ. सहापैकी दोन शाळा गडचिरोलीतल्या असतील, तर एका बीजशब्दाने त्या नकाशावरून पुसल्या. शिवाय ‘ऱ्ह’ संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साध्या र आणि हलन्तापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका तऱ्हेने टंकलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर हाती लागेलच असे नाही. म्हणून प्रत्येक बीजशब्द मी स्वतः नव्याने टंकतो आणि सारांशात शोधून बघतो. ‘विद्यार्थिनी’चे ‘विद्यार्थीनी’ झालेले असते, तेही याच वेळी सापडते. बीजशब्दांत ‘लोहाची कमतरता’ असेल आणि इंग्रजीत ‘ॲनिमिया’ असेल, तर ती जोडी मोडायची. रक्तक्षय लोहाच्या कमतरतेखेरीज सिकलसेलसारख्या आजारातूनही होतो, आणि विदर्भातल्या आदिवासी भागात तो आजार आहेच.

इतक्या चुका होतात कशा? भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी येत नाही, असे क्वचितच असते. लेखक निबंध पाठवतानाच दोन्ही सारांश पाठवतो. मग तज्ज्ञ शेरे देतात: तुलना गट नाही हे लिहा, टक्केवारी पूर्ण केलेल्यांचीच द्या, भाषा मवाळ करा. लेखक इंग्रजी सारांश दोनदा सुधारतो. मराठी सारांश पहिल्या दिवशी होता तसाच राहतो. म्हणून पुढचे काही करण्याआधी मी विचारतो, की हा मराठी सारांश कोणत्या तारखेच्या इंग्रजी मसुद्यावरून केला आहे. उत्तर मिळाले नाही, तर दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा अंतिम इंग्रजीवरून नव्याने लिहिलेला बरा.

शेवटी, इंग्रजी सारांश न पाहिलेल्या सहकाऱ्याला मी मराठी सारांश देतो आणि त्याचे इंग्रजी करायला सांगतो. ते इंग्रजी मूळ इंग्रजीशेजारी ठेवले, की अर्थ कुठे सरकला ते दिसते. पण या उलट भाषांतराला मर्यादा आहे. हिमोग्लोबिन सरासरी अर्ध्या ग्रॅमने वाढले आणि ती वाढ संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे, असे मुळात असेल. मराठीत नुसते ‘लक्षणीय वाढ’ उरले असेल, तर सहकारी त्याचे पुन्हा ‘सिग्निफिकंट’ करतो. कागदावर सगळे जुळते आणि मराठी वाचक मात्र खूप मोठी वाढ झाली असे समजतो. तिथे ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या’ हा लांबलचक शब्द आणि वाढीचा आकडा दोन्ही ठेवावे लागतात.

सुधारलेला मजकूर असा होतो: ‘विदर्भातील ६ आश्रमशाळांमधील २१२ किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला लोह व फॉलिक ॲसिडची एक गोळी दिली. २४ आठवडे पूर्ण करणाऱ्या २०० मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण गोळ्या दिल्यानंतर ६४ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर आले. अभ्यासात तुलना गट नव्हता.’ एका वाक्याची तीन झाली, त्याला हरकत नाही. शब्दमर्यादा ओलांडली म्हणून लेखक शेवटचे वाक्य काढतो म्हणाला, तर मी त्याला सुरुवातीची ‘भारतात रक्तक्षय ही गंभीर समस्या आहे’ ही ओळ काढायला सांगतो.