अरुंद रकाने, लांब मथळे : माती परीक्षणाच्या तक्त्याची मांडणी

केंद्र शासनाची मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. या पत्रिकेत मातीचे १२ गुणधर्म नोंदले जातात. पत्रिका एकेका खातेदाराची असली, तरी गावाची एकत्र यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयाची झाल्यास एका कागदावर १२ रकाने बसवावे लागतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना अशी यादी संगणकावर एक्सेलमध्ये कशी मांडावी, हे येथे सांगितले आहे.

अडचण जागेची आहे. ए-४ कागद उभा धरल्यास समास सोडून छपाईस सुमारे १७ सेंटिमीटर रुंदी मिळते. एक्सेलचा नेहमीचा रकाना सुमारे १.७ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे १२ रकान्यांनाच २० सेंटिमीटर लागतात आणि खातेदाराच्या नावास जागाच उरत नाही. मग मथळे तोडून ‘ज.’, ‘लो.’, ‘मं.’, ‘तां.’ असे लिहिले जातात. त्यातून होणारी चूक साधी नसते. समजा, उदगीर तालुक्यातील एका गटाच्या मातीत जस्त ०.४८ आणि तांबे १.९० पीपीएम आहे. जस्ताची मर्यादा ०.६० व तांब्याची ०.२० धरली जाते. वाचणाऱ्याने हे दोन रकाने उलटे वाचले, तर जस्त भरपूर दिसते, आणि ज्या जमिनीस झिंक सल्फेटची गरज आहे तिला ते मिळत नाही.

उपाय असा की, आकडे लहान असल्याने रकाना अरुंदच ठेवावा, पण मथळा उभा फिरवून पूर्ण लिहावा. मथळ्यांची ओळ निवडून `Ctrl+1` दाबावे. `Alignment` या पानावर `Orientation` खाली `Degrees` मध्ये `90` लिहावे, `Vertical` मध्ये `Bottom` आणि `Horizontal` मध्ये `Center` निवडावे. मथळा आता खालून वर वाचता येतो आणि आपल्या आकड्यांच्या अगदी जवळ टेकतो. नंतर सर्वांत लांब मथळा पूर्ण दिसेपर्यंत ओळीची उंची वाढवावी. ती ४ सेंटिमीटरच्या आसपास लागेल. शेवटी १२ रकान्यांची रुंदी `5` करावी. प्रत्येक रकाना सुमारे १ सेंटिमीटरचा होतो आणि नाव व गट क्रमांक यांसाठी ५ सेंटिमीटर उरतात. एखाद्या घरात आकड्याऐवजी `###` दिसू लागल्यास रकाना फार आवळला गेला, असे समजावे व तो किंचित सैल करावा.

अक्षरे एकाखाली एक रचणारी सोयही तेथेच आहे. मराठीसाठी ती वापरू नये. तिने शिरोरेषा तुटते आणि ‘स्फुरद’ किंवा ‘सेंद्रिय कर्ब’ हे शब्द ओळखू येत नाहीत. मथळा ४५ अंशांत तिरपा केल्यास वाचण्यास सोपा जातो, परंतु मथळ्याच्या ओळीतील रेषाही तिरप्या होतात आणि शेवटचा मथळा तक्त्याबाहेर झुकतो. फलकावरच्या छापील यादीसाठी ९० अंशच बरे.

नावांच्या रकान्यात एकाच खातेदाराचे दोन गट असतील, तर दुसरी ओळ थोडी आत घ्यावी लागते. ती मोकळ्या जागा टंकून आत घेऊ नये. तशाने ते नाव संगणकाच्या लेखी वेगळेच ठरते व पूर्ण नाव जुळवून शोधताना सापडत नाही. त्याऐवजी `Horizontal` मध्ये `Left (Indent)` निवडून `Indent` मध्ये `1` लिहावे. यात मजकूर तोच राहतो, केवळ त्याची जागा सरकते.

आकडे मात्र मध्यभागी आणू नयेत. एक्सेल खरा आकडा आपोआप उजवीकडे व मजकूर डावीकडे ठेवतो, आणि हीच चूक ओळखण्याची खूण आहे. कोणी घरात ‘0.48 पीपीएम’ असे लिहिले, तर ते डावीकडे जाते. संगणक त्यास मजकूर मानतो आणि गावाची जस्ताची सरासरी काढताना तो आकडा गाळतो. कमी असलेला आकडाच गळाल्याने सरासरी चढते. सर्व घरे मध्यभागी आणल्यास ही खूण पुसली जाते. म्हणून `Horizontal` हे `General` च ठेवावे, एकक मथळ्यात लिहावे आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या घरांना `0.00` ही आकड्याची रचना द्यावी. मग दशांश चिन्हे एका रेषेत येतात, आणि ०.६० च्या जागी चुकून पडलेले ६.०० नजरेतून सुटत नाही.

यादी फलकावर लावण्यापूर्वी एक प्रत छापून, ती तयार न केलेल्या व्यक्तीस एका खातेदाराचे जस्त वाचावयास सांगावे. ते मूळ पत्रिकेशी जुळले, म्हणजे मांडणी ठीक झाली.