उणे चिन्ह आणि बार: सामूच्या गणितातली फसगत

सामूच्या, म्हणजे पीएचच्या, गणितात रसायनशास्त्र बहुधा बरोबर असते. चुकते ते लॉगॅरिथम. डेन्मार्कचे सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. द्रावणातील हायड्रोजन आयनांच्या संहतीचा लॉग घ्यायचा आणि त्याचे चिन्ह उलटवायचे: pH = −log[H⁺]. संहती दहापट वाढली की सामू एकाने उतरतो.

०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊ. हे तीव्र आम्ल पूर्ण विघटित होते, म्हणून हायड्रोजन आयनांची संहतीही ०.०२, म्हणजे २ गुणिले १० चा उणे दुसरा घात. २ चा लॉग ०.३० आणि घाताचा उणे २; बेरीज उणे १.७०. सामू १.७०. पुष्कळ उत्तरपत्रिकांत इथे २.३० दिसते, कारण वजा करायचे ०.३० मिळवले जातात. पडताळा सोपा आहे. ०.०१ मोलरचा सामू २ आणि ०.१ मोलरचा १, ०.०२ त्यांच्या मधे आहे, तेव्हा उत्तर २ च्या वर जाऊच शकत नाही. याच संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडसाठी १.७० हा पीओएच ठरतो. २५ अंश सेल्सिअसला तो १४ मधून वजा केला की सामू १२.३०.

उलट दिशेने जाताना घोटाळा अधिक होतो. सामू ४.७४ असेल, तर लॉग उणे ४.७४. लॉगटेबलातला दशांश भाग मात्र नेहमी धन असतो, म्हणून उणे ४.७४ हे आधी उणे ५ अधिक ०.२६ असे लिहावे लागते. यालाच ‘बार पाच पॉइंट दोन सहा’ म्हणतात. ०.२६ चा अँटिलॉग १.८२, संहती १.८२ गुणिले १० चा उणे पाचवा घात. घाईत बार चार समजून ०.७४ चा अँटिलॉग काढला, तर संहती तिपटीने नव्हे, तीसपटीने चुकते. त्या चुकीच्या संहतीचा सामू पुन्हा काढला तर तो ३.२६ येतो, आणि चूक उघडी पडते.

बफर द्रावणात आम्लाच्या पीकेएमध्ये एक लॉग मिळवायचा असतो: क्षाराची संहती भागिले आम्लाची संहती, या गुणोत्तराचा. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७४ आहे. आम्ल ०.१० मोलर आणि सोडियम ॲसिटेट ०.२० मोलर असेल, तर गुणोत्तर २ आणि सामू ५.०४. गुणोत्तर उलटे लिहिले की ४.४४ येतो. क्षार जास्त असताना सामू पीकेएच्या खाली येणे अशक्य, एवढे ध्यानात ठेवले तरी ही चूक पकडता येते. भागाकार आधी आणि लॉग नंतर, हा क्रमही मोडू नये. दोन लॉगांचा भागाकार म्हणजे गुणोत्तराचा लॉग नव्हे.

या एक लिटर बफरमध्ये ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले, तर तेवढे ॲसिटेट आम्लात बदलते. ०.१९ भागिले ०.११, लॉग ०.२४, सामू ४.९८. तेवढेच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात टाकले असते, तर सामू ७ वरून थेट २ वर आला असता.