जाहिरात एक, आकडे तीन

कोल्हापुरात चपलांचं एखादं दुकान आहे असं समजा. गूगलवर जाहिराती चालू आहेत, ऑर्डरीही येतात. मार्च संपतो आणि अकाउंटंट विचारतो, "जाहिरातीचा खर्च किती धरू?" जाहिरातीचं काम बघणारा पुतण्या रिपोर्ट उघडून सांगतो, 24,100 रुपये. बँकेच्या खात्यातून गेलेले दिसतात 30,000. ईमेलवर आलेल्या बिलात करापूर्वीची रक्कम आहे 24,004. मालकाला वाटतं, कुणीतरी पैसे खाल्ले. खरं तर तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात.

पहिली अडचण जीएसटीची. जाहिरातीच्या रिपोर्टमधला खर्चाचा रकाना कर वगळून असतो. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचंही तसंच. ज्यांचं खातं आधी जाहिरात, मग वसुली असं चालतं, त्यांच्या बिलात खर्चावर 18 टक्के चढतात आणि हिशेब लगेच लक्षात येतो. गोंधळ होतो तो आगाऊ पैसे भरणाऱ्यांचा. 10,000 रुपये भरले की कर त्यातूनच कापला जातो आणि उरलेली रक्कम जाहिरातीसाठी जमा होते. इथे बहुतेक जण 10,000 चे 18 टक्के काढतात, 8,200 जमा व्हायला हवे होते असं मानतात, आणि खात्यात 8,474.58 पाहून चक्रावतात. कर लागतो तो मूळ रकमेवर, भरलेल्या रकमेवर नव्हे. म्हणून 10,000 ला 1.18 ने भागायचं. कापलेला कर येतो 1,525.42, म्हणजे भरलेल्या पैशाच्या सव्वापंधरा टक्के. दोन आकड्यांमध्ये नेमकी एवढीच तफावत दिसली तर पुढे शोधत बसू नका, ती कराचीच आहे.

आता आपल्या दुकानाचा ताळा घालू. मार्चमध्ये दहा-दहा हजार तीनदा भरले, त्यातून जाहिरातीसाठी जमा झाले 25,424. महिन्याच्या सुरुवातीला 1,250 शिल्लक होते. दोन्ही मिळून 26,674. बिल झालं 24,004 चं, म्हणून महिनाअखेर खात्यात 2,670 शिल्लक दिसायला हवी. तेवढी दिसली की बँक आणि बिल यांचं जुळलं. बँकेतून गेलेले 30,000 म्हणजे मार्चचा खर्च नव्हेच. त्यात कर आहे आणि एप्रिलमध्ये वापरायची शिल्लकही आहे.

राहिला रिपोर्ट आणि बिल यांच्यातला 96 रुपयांचा फरक. एकाच माणसाने किंवा यंत्राने उगाच केलेले क्लिक गूगल बहुतेक वेळा आधीच वगळतं. काही मात्र उशिरा सापडतात आणि त्यांचे पैसे नंतर खात्यात परत जमा होतात. हे खात्याच्या व्यवहारांच्या यादीत वेगळ्या ओळीत दिसतं. ती ओळ सापडली की फरक मिटला, आणि सापडली नाही तर चौकशी करायची. एखाद्या टक्क्याहून कमी फरक असला तर आधी हीच ओळ पाहावी.

इथवर सगळं रुपयांत होतं. आता समजा, अमेरिकेतल्या मराठी मंडळींना चपला विकायच्या म्हणून दुकानाने दुसरं खातं घेतलं. ते डॉलरमध्ये आहे, बिल परदेशी कंपनीच्या नावाने येतं आणि पैसे इथल्या क्रेडिट कार्डावरून जातात. मार्चचा रिपोर्ट सांगतो, 400 डॉलर. बिलही 400 चंच. कार्डावर मात्र दोन वसुल्या दिसतात, 17,910 आणि 18,119. एकूण 36,029 रुपये.

पहिल्या 200 डॉलरना बँकेने 86 चा भाव लावला, 17,200 झाले. त्यावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के, 602 रुपये, आणि त्या शुल्कावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, 108. दुसऱ्या वसुलीच्या वेळी भाव 87 होता, बाकी गणित तेच. भाव इथे सोयीचे घेतले आहेत आणि शुल्कही प्रत्येक कार्डाचं वेगळं असतं. पण रीत हीच. दोन्ही वसुल्या मिळून शुल्क आणि त्यावरचा कर 1,429 रुपये होतो. डॉलर सरासरी साडेशहाऐंशीला मिळाला असं वाटतं, प्रत्यक्षात तो नव्वद रुपये सात पैशांना पडला.

भर म्हणून पुतण्या वेबसाइटचं अॅनॅलिटिक्स दाखवतो. तिथे हाच खर्च रुपयांत दिसतो, पण रोजच्या खर्चाला त्या त्या दिवसाचा भाव लावून. बँक मात्र भाव लावते वसुलीच्या वेळचा, आणि वसुली होते ठरावीक रक्कम साठली की. दोन्ही आकडे पैशाला पैसा जुळणं शक्यच नाही. ते जुळवण्यात रात्र घालवणारे लोक मी पाहिले आहेत. हातात काही लागत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिपोर्ट आणि बिल जुळवायचं, तेही खात्याच्या मूळ चलनात आणि कर बाजूला ठेवून. मग बिल आणि वसुली, शिल्लक आणि येणं धरून. रुपये सगळ्यात शेवटी, कार्डाच्या स्टेटमेंटवरून. रिपोर्टची तुलना थेट बँकेशी केली की कर, भाव, शुल्क आणि तारखा या चारही गोष्टी एकाच फरकात मिसळतात आणि कशाचं किती हे कळत नाही.

तारखांचं एक उदाहरण मार्चअखेर हमखास नडतं. खातं लॉस एंजेलिसच्या वेळेवर असेल तर तिथला 31 मार्च आपल्याकडे 1 एप्रिलच्या दुपारी साडेबाराला संपतो. त्या सकाळचा खर्च रिपोर्टात जुन्या आर्थिक वर्षात मोडतो. शिवाय शेवटच्या दिवसांची वसुली एप्रिलमध्ये होते. फरक मोठा असला आणि कोणत्याच टक्केवारीत बसत नसला तर संशय तारखांवर घ्यावा.

परदेशी बिलाबाबत आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्यावर जीएसटी दिसत नाही म्हणून कर नाही असं नसतं. जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्याने परदेशातून सेवा घेतली की 18 टक्के कर त्यानेच रिव्हर्स चार्जखाली रोखीने भरायचा असतो. आपल्या उदाहरणात 34,600 वर 6,228 रुपये. एरवी पात्र असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं. बँकेचं शुल्क या हिशेबात येत नाही.

मग जाहिरात परवडते का हे ठरवताना कोणता आकडा धरायचा? जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर कर वगळून, मिळत नसेल तर करासकट. चलनाचं शुल्क दोन्ही बाबतीत खर्चातच धरायचं, ते परत येत नाही. म्हणजे 400 डॉलरच्या खर्चावर किती विक्री झाली हे पाहताना 34,600 नव्हे, निदान 35,811 रुपये धरा.

क्रेडिट मिळतं ते कर-बिलावर, आगाऊ पैसे भरल्याच्या पावतीवर नाही. तेव्हा एजन्सीकडून किंवा घरच्या पुतण्याकडून रिपोर्टचा स्क्रीनशॉट घेऊन थांबू नका. खात्यातून दर महिन्याचं कर-बिल उतरवून घ्या, त्यावर आपला जीएसटी क्रमांक अचूक आहे ना ते बघा, आणि ते बिल जीएसटीआर-2बी मध्ये उतरलं आहे का हे आपल्या सीएला विचारा.